गल्ल्यावर पोहोचणारे पत्र : वस्तीतील क्रिकेट स्पर्धा आणि तिचे प्रायोजक

वस्तीतील क्रिकेट स्पर्धेचे प्रायोजकत्व-पत्र म्हणजे आयोजन समितीने आसपासच्या दुकानदारांपुढे ठेवलेला व्यवहाराचा प्रस्ताव. समिती एक ठरावीक रक्कम मागते आणि तिच्या बदल्यात दुकानाचे नाव किती लोकांपुढे, किती दिवस आणि कोणत्या जागी राहील याची हमी देते. ही देवघेव पत्रात जितकी स्पष्ट असेल, तितके दुकानदाराला हो किंवा नाही म्हणणे सोपे जाते.

महाराष्ट्रात टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. या काळात बहुतेक समित्यांची पत्रे सणाच्या वर्गणीच्या साच्यात लिहिली जातात. ‘सालाबादप्रमाणे यंदाही भव्य स्पर्धेचे आयोजन केले आहे, तरी आपण सढळ हस्ते सहकार्य करावे’ एवढाच त्यातला मजकूर असतो. रक्कम दिलेली नसते आणि बदल्यात काय मिळेल तेही सांगितलेले नसते. गणपती, दहीहंडी, नवरात्र आणि शिवजयंती यांच्यासाठी अशीच पत्रे दुकानदाराकडे वर्षभर येत असतात. तो संबंध राखण्यासाठी पाचशे एक रुपयांची पावती फाडतो आणि विषय संपवतो. त्याच्या बाजूने ते बरोबरच असते, कारण पत्राने त्याच्याकडे वर्गणीच मागितलेली असते. स्पर्धेचा खर्च मात्र अशा पावत्यांवर निघत नाही. त्यासाठी काही दुकानांकडून दोन हजार, काहींकडून दहा हजार आणि एखाद्याकडून त्याहून मोठी रक्कम यावी लागते. एवढे पैसे दुकानदार जाहिरातीसाठीच देतो.

हे सारे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, डोंबिवलीसारख्या उपनगरात एका समितीने सोळा संघांची स्पर्धा ठरवली आहे. प्रत्येक संघात मैदानावर आठ खेळाडू आणि तीन राखीव, म्हणजे एकूण १७६ खेळाडू. सामना प्रत्येकी सहा षटकांचा असून तो साधारण तासाभरात संपतो. पत्र लिहिण्याआधी समितीला एक निर्णय घ्यावा लागतो. वरवर तो फक्त क्रिकेटचा दिसतो, पण प्रायोजकाला काय मिळणार हे त्यावरच ठरते. स्पर्धा बाद पद्धतीने खेळवायची की साखळी पद्धतीने?

बाद पद्धतीत पहिल्या फेरीतच आठ संघ घरी जातात. तिसऱ्या क्रमांकाची लढत धरली तरी सोळा सामने होतात आणि दोन दिवसांत सारे आटोपते. खर्च वाचतो, पण निम्मे खेळाडू आणि त्यांच्याबरोबर येणारे मित्र व घरचे लोक मैदानावर जेमतेम तासभर असतात. चार-चार संघांचे चार गट केले, तर प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. गटांत २४, उपांत्य दोन आणि अंतिम एक असे २७ सामने होतात. रोज सहा-सात धरले तर दोन आठवड्यांचे शनिवार-रविवार, म्हणजे चार दिवस लागतात. तीच माणसे तेच फलक पुन्हा पुन्हा पाहतात आणि मधल्या आठवड्यात नाक्यावर गुणतक्त्याची चर्चा होते. दुकानदारासाठी ही दुसरी स्पर्धा अधिक मोलाची आहे, आणि ते का, हे पत्रात एका वाक्यात सांगता येते. उदाहरणातील समिती साखळी पद्धत निवडते.

यानंतर प्रेक्षकांचा आकडा येतो. बहुतेक पत्रे इथेच विश्वास गमावतात. ‘दहा हजार प्रेक्षकांची उपस्थिती’ असे लिहिले की त्याच वस्तीत वीस वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाला ते खोटे असल्याचे लगेच कळते. त्या मैदानात दहा हजार माणसे मावत नाहीत, हे त्याने रोज येता-जाता पाहिलेले असते. त्याऐवजी आदल्या वर्षीची प्रत्यक्ष मोजणी द्यावी. मोजण्याची पद्धत साधी आहे. एका स्वयंसेवकाने दर दोन तासांनी मैदानाला फेरी मारून उभी आणि बसलेली माणसे मोजायची आणि वहीत वेळेसह लिहायची. दुसऱ्याने प्रवेशाच्या बाजूला बसून दिवसभरात किती जण आत आले ते मोजायचे. समजा, चार दिवसांच्या बेरजा अनुक्रमे २००, २५०, २५० आणि ४५० आल्या. एकूण ११५० होतात, पण ही ११५० वेगवेगळी माणसे नव्हेत. खेळाडू आणि नेहमीचे प्रेक्षक त्यात अनेकदा मोजले गेले आहेत. वेगवेगळी माणसे सहाशेच्या आसपास असतील, तर पत्रात दोन्ही गोष्टी तशाच सांगाव्यात. सहाशे हा लहान आकडा वाटतो, पण तो खरा आहे आणि दुकानदार त्यावर हिशेब करू शकतो.

त्याहून महत्त्वाचे असते ही माणसे कुठली आहेत ते. टेनिस क्रिकेटचे नावाजलेले संघ बक्षिसाच्या रकमेसाठी दूरदूरहून येतात. स्पर्धेचा दर्जा त्याने वाढतो, पण वसईहून आलेला संघ डोंबिवलीच्या किराणा दुकानात तांदूळ घ्यायला थांबणार नाही. म्हणून सोळांपैकी किती संघ दोन किलोमीटरच्या आतले आहेत, हा आकडा दुकानदारासाठी एकूण गर्दीपेक्षा जास्त बोलका आहे. उदाहरणात ते अकरा संघ आहेत असे धरू. एखाद्या समितीकडे बाहेरचेच संघ जास्त असतील, तर तिने किराणा दुकानांकडे न जाता क्रीडासाहित्याचे मोठे दुकान, दुचाकीची एजन्सी किंवा मोबाइलचे दालन अशा लांबून गिऱ्हाईक येणाऱ्यांकडे जावे.

आता खर्च. उदाहरणादाखल मैदानाचे भाडे, मांडव आणि ध्वनिक्षेपक, पंच आणि गुणलेखक, समालोचक, चेंडू, पाणी व प्रथमोपचार, चषक, छपाई, शेवटच्या दोन दिवसांचे यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण आणि रोख बक्षिसे मिळून एक लाख तीस हजार रुपये होतात असे समजू. यात ४५,००० रुपये एकट्या रोख बक्षिसांचे आहेत. संघांच्या प्रवेश फीचे साडेतीन हजार प्रत्येकी, म्हणजे ५६,००० रुपये जमतात. उरलेले ७४,००० रुपये प्रायोजकांकडून हवेत. हा आकडा पत्रात सांगावा की नाही, यावर समित्यांत वाद होतो. सांगावा हेच योग्य, कारण त्यामुळे मागणीला आधार मिळतो आणि पैसे कुठे जाणार हे कळते. मात्र सगळी यादी पत्रात कोंबू नये. एकूण खर्च, प्रवेश फी आणि उरलेली गरज एवढे तीन आकडे पुरतात. तपशिलाचा कागद सोबत ठेवावा आणि मागितला तर दाखवावा.

ही ७४,००० रुपयांची गरज वेगवेगळ्या ऐपतीच्या दुकानांत वाटायची असते. एक मुख्य प्रायोजक २५,००० रुपयांचा, दोन सहप्रायोजक दहा-दहा हजारांचे, सीमारेषेवरील दहा फलक दोन-दोन हजारांचे आणि मालिकावीर, उत्कृष्ट फलंदाज व उत्कृष्ट गोलंदाज ही तीन वैयक्तिक पारितोषिके तीन-तीन हजारांची, अशी बेरीज बरोबर जुळते. पायऱ्या चारांहून जास्त करू नयेत. ‘प्लॅटिनम, डायमंड, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ’ अशी उतरंड लावली की दोन शेजारच्या पायऱ्यांत नेमका फरक काय, हे समितीलाही सांगता येत नाही. पायऱ्यांची नावे, जे मिळते त्यावरूनच ठेवावीत.

या पायऱ्यांत सर्वांत मोठा फायदा चषकाच्या नावाचा आहे. इंग्लंडमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या एकदिवसीय स्पर्धेला दाढीच्या पात्यांच्या जिलेट कंपनीचे नाव मिळाले. १९७५ पासूनचे पहिले तीन विश्वचषक प्रुडेन्शियल या विमा कंपनीच्या नावाने झाले, आणि १९८३ चे यश आजही ‘प्रुडेन्शियल कप’ म्हणून आठवले जाते. वस्तीच्या पातळीवरही हेच घडते. फलक वाचावा लागतो, पण चषकाचे नाव लोकांच्या तोंडी बसते. समालोचक ते उच्चारतो, संघ आपापल्या व्हॉट्सॲप गटांत ते लिहितात, क्रिकहीरोजसारख्या गुणलेखनाच्या ॲपवर प्रत्येक सामन्यावर ते दिसते आणि जिंकलेल्या चषकावर ते पुढे कित्येक वर्षे कुणाच्या तरी घरात राहते. म्हणून मुख्य प्रायोजक आधी ठरला पाहिजे. चषकाचे नाव छापून झाल्यावर पंचवीस हजार मागायला गेलेल्या समितीकडे विकण्यासारखे काहीच उरलेले नसते.

सीमारेषेवरच्या फलकांची किंमत जागेप्रमाणे बदलते, पण हे फार थोड्या समित्यांच्या लक्षात येते. थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा सहसा गोलंदाजाच्या पाठीमागे उंचावर असतो आणि त्याला समोर फलंदाज दिसतो. त्यामुळे यष्टिरक्षकाच्या मागचा फलक प्रत्येक चेंडूला पडद्यावर येतो. बाजूच्या सीमारेषेवरचा फलक चौकार गेला तरच दिसतो. वेळ वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी सारी षटके एकाच टोकाकडून टाकली जातात. तिथे हा फरक पूर्ण सामनाभर टिकतो. म्हणून ती एक जागा सहप्रायोजकाला द्यावी आणि पत्रात जागेचे नाव लिहावे. उलट, गोलंदाजाच्या हाताच्या थेट मागे रंगीत फलक कधीच लावू नये. फलंदाजाला चेंडू हातातून सुटताना दिसत नाही, खेळाडू तक्रार करतात, आणि पंचांनी सांगितल्यावर भर सामन्यात फलक उतरवावा लागतो. पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे झाले तर तो पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

फलकावर काय छापायचे हेही दुकानदाराच्या फायद्याचाच भाग आहे. फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा आहे की दहा फुटांवरून सहज वाचायचे असेल तर अक्षर इंचभर उंच हवे. शंभर फुटांवरच्या प्रेक्षकासाठी ते दहा इंच लागेल. दहा फूट लांब आणि तीन फूट उंच फलकाची उंची छत्तीस इंच. देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागा सोडली, तर मोठ्या अक्षरांच्या दोन ओळीच बसतात. पहिलीत दुकानाचे नाव, दुसरीत काय मिळते आणि कुठे. मालकाचे नाव, तीन मोबाइल क्रमांक, स्थापना वर्ष आणि देवाचे चित्र या सगळ्याचा आग्रह दुकानदार धरतो. अशा वेळी समितीने नमुना छापून तो शंभर फुटांवरून त्यालाच दाखवावा. मग वाद राहत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेले बोधचिन्ह मोठे केल्यावर फुटते, म्हणून मूळ फाइल मागावी आणि छपाईपूर्वी नावाच्या शुद्धलेखनावर दुकानदाराची सही घ्यावी.

समालोचकाच्या तोंडून होणारा उल्लेख स्वस्त आणि परिणामकारक असतो, पण पत्रात तो मोजून द्यावा लागतो. ‘वेळोवेळी उल्लेख’ याला अर्थ नाही. ‘प्रत्येक डावात एकदा’ असे लिहिले, तर २७ सामन्यांत ५४ उल्लेख होतात आणि समालोचकाला यादी देऊन ते पाळता येतात. ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा त्यावर बंदी असते. त्यामुळे प्रकाशझोतातल्या स्पर्धेचा अंतिम सामना लांबला तर बक्षीस समारंभ आवाजाविना उरकावा लागतो. मुख्य प्रायोजकाला ज्या क्षणासाठी बोलावलेले असते तोच हातचा जातो. म्हणून उदाहरणातील समिती अंतिम सामना दुपारी चारला ठेवते आणि बक्षीस समारंभाची वेळ पत्रातच लिहिते.

कोणता फायदा कोणाला पटेल, हे धंद्यावर अवलंबून असते. किराणा दुकानदार फायद्याचे प्रमाण पाहतो. त्याला रुपयामागे सरासरी दहा पैसे सुटत असतील, तर दोन हजारांचा फलक वसूल व्हायला वीस हजारांची नवी विक्री हवी. महिन्याला चार हजारांचे सामान भरणारे एक नवे कुटुंब जोडले गेले, तर पाच महिन्यांत ते साधते. हा हिशेब त्याच्यासमोर मांडता येतो, कारण तो स्वतः असाच विचार करतो. त्याला मोजता यावे म्हणून प्रत्येक खेळाडूला एक कूपन द्यावे. ते दाखवल्यास ठरावीक तारखेपर्यंत थोडी सवलत मिळेल आणि परत आलेली कूपने गल्ल्यात मोजता येतील. सराफाचे गणित वेगळे. मैदानावरून उठून कुणी सोने घ्यायला जात नाही. लग्नसराईत आपले नाव आठवावे आणि ओळखीच्या लोकांसमोर आपल्या हातून बक्षीस दिले जावे, एवढे त्याला हवे असते. वडापाव किंवा सरबताच्या दुकानाला फलकापेक्षा मैदानावर चार दिवस स्टॉल लावण्याची एकट्याची मुभा जास्त उपयोगी. क्लास चालवणाऱ्यांना खेळाडूंचे वय विचारायचे असते. म्हणून पत्राचा गाभा सर्वांसाठी एकच ठेवून फायद्याचा परिच्छेद धंद्याप्रमाणे बदलावा. शंभर सारख्या प्रती वाटण्यापेक्षा पंचवीस दुकानांसाठी बदललेली पंचवीस पत्रे अधिक काम करतात.

वस्तूच्या रूपातली मदतही प्रायोजकत्वच आहे. क्रीडासाहित्याच्या दुकानाने चेंडू दिले, मेडिकलने प्रथमोपचाराची पेटी दिली किंवा पाण्याच्या जारवाल्याने चार दिवस पाणी पुरवले, तर बाजारभावाने त्याची किंमत धरून त्याच रकमेच्या पायरीचे फायदे द्यावेत. जो खर्च नाहीतरी होणारच होता, तोच वाचला पाहिजे. नको असलेल्या वस्तू घेऊन फलक देणे तोट्याचे असते.

एकाच धंद्यातल्या दोघांचा प्रश्न आधीच सोडवलेला बरा. एका मेडिकलचा फलक लागल्यावर समोरच्या मेडिकलचाही लागला, तर दोघेही नाराज होतात. मुख्य प्रायोजक आणि सहप्रायोजक यांना त्यांच्या धंद्यात एकमेव स्थान द्यावे. साध्या फलकाला ते देऊ नये, आणि हे दोन्ही पत्रात लिहावे. राजकीय पाहुण्यांचे छायाचित्रही अशीच अडचण करते. स्थानिक पुढाऱ्याचा मोठा चेहरा आणि खाली बारीक अक्षरांत प्रायोजकांची रांग, अशा फ्लेक्समुळे पैसे देणाऱ्याचे नाव दिसेनासे होते. प्रायोजकांचा फ्लेक्स आणि पाहुण्यांचा फ्लेक्स वेगळा ठेवण्याची हमी पत्रात असली, तर दुकानदाराला ती खास भावते.

काही प्रायोजक घेताच येत नाहीत. तंबाखूच्या उत्पादनांची जाहिरात आणि प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने बंद आहे. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासूनच बंदीत आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. रस्त्यावर, विजेच्या खांबांवर आणि झाडांवर परवानगीविना फ्लेक्स लावणे हा विद्रूपीकरणाच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि कारवाईच्या वेळी फलकावर नाव असलेल्या दुकानदारालाही जाब विचारला जाऊ शकतो. म्हणून सर्व फलक मैदानाच्या आतच लागतील असे लिहावे. मैदान महापालिकेचे असेल, तर जाहिरात फलकांची परवानगी भाड्याच्या पावतीत धरलेली आहे का, तेही आधी विचारून घ्यावे.

पैशाच्या पावतीचा मुद्दा लहान दिसतो, पण मोठ्या रकमा त्यावरच अडतात. पावतीवर ‘देणगी’ लिहिले, तर दुकानदाराच्या हिशेबात ती जाहिरातीचा खर्च म्हणून दाखवणे अवघड होते. देणगी म्हणून प्राप्तिकरात वजावट मिळायला संस्थेकडे त्यासाठीची मान्यता लागते आणि वस्तीच्या समितीकडे ती सहसा नसते. ‘प्रायोजकत्व शुल्क, सीमारेषा फलक एक, अमुक तारखा’ असे लिहिले, तर तो धंद्याचा खर्च आहे हे कागदावरच दिसते. पूर्ण हिशेब ठेवणाऱ्या दुकानांना याचा उपयोग होतो. अंदाजे नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानांना असा एकेक खर्च वेगळा वजा करता येत नाही, त्यामुळे त्यांना कर वाचण्याचे आमिष दाखवू नये. एका दिवसात एकालाच दहा हजारांहून जास्त रोख दिल्यास तो खर्च प्राप्तिकरासाठी मान्य होत नाही, म्हणून मुख्य प्रायोजकाची रक्कम बँकेतूनच घ्यावी. जीएसटीची नोंदणी नसलेल्या समितीने पावतीत जीएसटी लावता कामा नये. पैसे खजिनदाराच्या खासगी मोबाइल क्रमांकावर न घेता समितीच्या नावाच्या खात्यात घेतले, तर निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात.

हे सारे ठरले की पत्र एका पानात बसते. उदाहरणातील समितीचे एका किराणा दुकानाला लिहिलेले पत्र असे असेल :

प्रति,
मा. मालक, …… किराणा स्टोअर्स

विषय : …… चषक टेनिस क्रिकेट स्पर्धेत सीमारेषा फलकाचा प्रस्ताव

स. न. वि. वि.

आपल्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवरच्या मैदानात येत्या …… आणि …… या दोन आठवड्यांच्या शनिवार-रविवारी सोळा संघांची स्पर्धा होत आहे. त्यांतले अकरा संघ दोन किलोमीटरच्या आतले आहेत. गेल्या वर्षी चार दिवसांत सुमारे सहाशे वेगवेगळ्या व्यक्ती मैदानावर आल्या. मोजणीची वही सोबत आहे.

स्पर्धेचा खर्च १,३०,००० रुपये असून ५६,००० रुपये प्रवेश फीतून जमतील. उरलेल्या रकमेसाठी आम्ही परिसरातील दुकानांकडे येत आहोत.

२,००० रुपयांत आपल्याला पुढील गोष्टी मिळतील. दहा बाय तीन फुटांचा एक फलक चारही दिवस सीमारेषेवर राहील आणि छपाई आमच्याकडे असेल. प्रत्येक डावात एकदा समालोचक दुकानाचे नाव व ठिकाण सांगेल. १७६ खेळाडूंना आपल्या दुकानाचे सवलत कूपन दिले जाईल. सवलत किती ठेवायची ते आपण ठरवावे.

पावसामुळे किंवा अन्य कारणाने सामने पुढे गेल्यास फलक त्या दिवशीही राहील. स्पर्धाच रद्द झाल्यास छपाईचा खर्च वजा करून रक्कम परत केली जाईल. स्पर्धेनंतर आठ दिवसांत छायाचित्रे आणि जमाखर्च आपल्याला आणून देऊ.

आपला निर्णय …… तारखेपर्यंत कळवावा, म्हणजे छपाईला वेळ मिळेल. सोबत फलकाच्या जागांचा नकाशा जोडला आहे.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार (सह्या)

या पत्रात खेळाची थोरवी, युवाशक्ती आणि व्यसनमुक्ती यांच्यावर एकही ओळ नाही. ती दुकानदाराला पटत नाहीत असे नव्हे, पण त्यांच्यामुळे त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन परिच्छेद लांबते. पहिल्या दोन वाक्यांत मैदान आपल्या दुकानापासून किती जवळ आहे आणि खेळणारे कुठले आहेत, हे त्याला कळते. रद्द झाल्यास काय, याचे वाक्य लिहायला समित्या कचरतात. प्रत्यक्षात तेच वाक्य नव्या प्रायोजकाला धीर देते. निर्णयाची तारीखही खरी हवी. फलक छपाईला तीन-चार दिवस लागत असतील, तर स्पर्धेच्या दहा दिवस आधीची तारीख पुरते.

पत्र द्यायला जाण्याची वेळ दुकानाच्या वेळापत्रकाने ठरते. संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड असताना पाच-सहा पोरे दुकानात शिरली की मालक आतून नकारच तयार करतो. दुपारची निवांत वेळ किंवा सकाळी दुकान लावून झाल्यानंतरचा अर्धा तास बरा. दोघांनी जावे, त्यातला एक त्या दुकानाचा नेहमीचा गिऱ्हाईक असावा. पत्र स्पर्धेच्या पाच-सहा आठवडे आधी पोहोचावे, आणि तीन दिवसांनी एकदाच जाऊन उत्तर विचारावे. निम्मी रक्कम होकाराबरोबर आणि उरलेली पहिल्या सामन्यापूर्वी, असे ठरले तर स्पर्धा सुरू झाल्यावर पैशासाठी फिरावे लागत नाही. नकार मिळालेल्या दुकानाच्या फलकाला, पार्किंगला किंवा ओट्याला कुणी त्रास देणार नाही, याची जबाबदारी समितीच्या ज्येष्ठांनी घ्यावी. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथे प्रस्ताव उरत नाही, ती वसुली होते, आणि दुकानदार हा फरक नेमका ओळखतात.

स्पर्धा संपल्यावरचे आठ दिवस बहुतेक समित्या विजयोत्सवात घालवतात. त्या काळात प्रत्येक प्रायोजकाला दोन छायाचित्रे द्यायची असतात : एक फलकाजवळ गर्दी दिसणारे आणि दुसरे बक्षीस समारंभाचे. सोबत चार दिवसांची मोजणी, यूट्यूबवर प्रक्षेपण किती वेळा पाहिले गेले तो आकडा आणि एका पानाचा जमाखर्च जोडावा. कबूल केलेले काही राहून गेले असेल, उदाहरणार्थ वाऱ्याने फलक एक दिवस पडून राहिला, तर ते स्वतःहून सांगून रकमेचा तो हिस्सा परत करावा किंवा पुढच्या वर्षी वळता करावा. चार दिवसांच्या दोन हजारांत एका दिवसाचे पाचशे रुपये होतात. किराणा दुकानात जाऊन किती कूपने परत आली ते विचारून वहीत लिहून ठेवावे. पाच आली की पन्नास, तोच आकडा पुढच्या वर्षीच्या पत्रात जातो आणि फलकाचा दर त्यावरूनच वर किंवा खाली ठरतो.